तासातली पाच मिनिटं

१ डिसेंबर २०२२ पासून पायथन वापरणाऱ्या काही लोकांना एक चमत्कारिक अनुभव येऊ लागला. कालपर्यंत बिनतक्रार चालणारी एक कमांड अचानक एरर द्यायची. चिडून दहा मिनिटांनी पुन्हा दिली, तर एक अक्षरही न बदलता नीट चालायची. इंटरनेट गेलं असेल, सर्व्हरवर ताण आला असेल, असं समजून बरेच जण पुढच्या कामाला लागले. प्रत्यक्षात इंटरनेट ठीक होतं आणि सर्व्हरही ठीक होता. ती एरर मुद्दाम, वेळापत्रक ठरवून आणि आधी जाहीर करून दिली जात होती.

ती कमांड अशी होती:

```
pip install sklearn
```

पायथनमध्ये कुणी लिहून ठेवलेला तयार कोड आपल्या संगणकावर आणायचा तर `pip` वापरतात. हा कोड पॅकेजच्या रूपात पीवायपीआय नावाच्या सार्वजनिक भांडारात ठेवलेला असतो आणि तिथून कुणीही तो फुकट घेऊ शकतं. या भांडारातलं एक अतिशय लोकप्रिय पॅकेज म्हणजे सायकिट-लर्न. घराच्या किमतीचा अंदाज बांधणं, ग्राहकांचे गट पाडणं, रोगाच्या नोंदींतून धोका ओळखणं अशा मशीन लर्निंगच्या कामांसाठी ते जगभर वापरलं जातं. डेव्हिड कूर्नापो यांनी २००७ मध्ये गूगलच्या उन्हाळी उपक्रमात त्याची सुरुवात केली. पुढे फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेतल्या मंडळींनी ते हाती घेतलं आणि २०१० मध्ये त्याची पहिली सार्वजनिक आवृत्ती काढली. आज आपल्याकडे डेटा सायन्स शिकणारा जवळपास प्रत्येक विद्यार्थी पहिल्या वर्षातच त्याच्यापाशी येऊन पोचतो.

घोळ झाला तो नावांमुळे. भांडारात या पॅकेजचं नाव `scikit-learn` आहे, पण प्रोग्राम लिहिताना मात्र `import sklearn` असं लिहावं लागतं. दोन नावं असली की माणसं त्यांची गल्लत करणारच. प्रोग्राममध्ये `sklearn` लिहितो, तर आणतानाही तेच नाव द्यायचं, असं वाटणं स्वाभाविक आहे. म्हणून भांडारात `sklearn` या नावाचंही एक पॅकेज ठेवलेलं होतं. त्यात स्वतःचा असा काहीच कोड नव्हता. त्याला आणायला सांगितलं की ते खऱ्या `scikit-learn` ला बोलावून आणायचं, एवढंच त्याचं काम. ही निव्वळ सोय नव्हती, सुरक्षाही होती. हे नाव मोकळं राहिलं असतं, तर कुणा बदमाशाने ते घेऊन त्यात पासवर्ड चोरणारा कोड ठेवला असता आणि गल्लत करणाऱ्या हजारोंनी तो आपल्या हाताने आपल्या संगणकावर आणला असता. पॅकेजेसच्या जगात फसवणुकीचा हा प्रकार चांगलाच माहितीचा आहे.

पण सोय फार काळ दिली की चुकीचं नाव पक्कं होत जातं. ब्लॉगमध्ये, पुस्तकांत, क्लासच्या नोट्समध्ये, कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये `pip install sklearn` छापलं जाऊ लागलं. तेव्हा सायकिट-लर्नच्या मंडळींनी ठरवलं की हे नाव आपल्या ताब्यात ठेवायचं, पण त्याचा वापर बंद करायचा.

इथे खरा प्रश्न सुरू होतो. बंद करायचं हे लोकांना सांगायचं कसं? मुक्त सॉफ्टवेअर घेताना कुणी नाव-पत्ता देत नाही. कोण वापरतं याची यादी बनवणाऱ्यांकडे नसते, त्यामुळे पत्र पाठवायची सोय नाही. पॅकेजच्या पानावर सूचना लावता येते, पण पान उघडून वाचतो कोण? कमांड दिली की काम होतं. राहिला तिसरा मार्ग, म्हणजे पॅकेज बसवलं जात असतानाच पडद्यावर इशारा दाखवणं. हा मार्ग सगळ्यांत सरळ वाटतो आणि तोच सगळ्यांत निरुपयोगी आहे, कारण पॅकेज यशस्वीपणे बसलं की त्याच्या आतल्या स्क्रिप्टने छापलेलं काहीही `pip` सहसा दाखवतच नाही. इशारा छापला जातो आणि तिथेच गडप होतो. निरोप डोळ्यांसमोर यायचा असेल, तर काम अडावं लागतं.

पण एका रात्रीत सगळ्यांचं काम अडवलं असतं, तर हाहाकार झाला असता. म्हणून त्यांनी भारनियमनासारखी वाट निवडली. वीज कायमची तोडायची नाही, ठरलेल्या वेळी थोडा वेळ घालवायची आणि तो वेळ हळूहळू वाढवत न्यायचा. डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रत्येक तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत `sklearn` बसवायला गेलं की एरर यायची. म्हणजे बारातून एकदा. फेब्रुवारीपासून पहिली दहा मिनिटं, एप्रिलपासून पंधरा. जूनपासून तासाच्या सुरुवातीला दहा आणि अर्ध्या तासानंतर पुन्हा दहा. ऑगस्टपासून पंधरा-पंधरा, म्हणजे अर्धा वेळ बंद. ऑक्टोबरपासून वीस-वीस, म्हणजे तीनातून दोनदा अपयश. आणि १ डिसेंबर २०२३ पासून कायमचं बंद. हे पूर्ण वेळापत्रक पहिल्या दिवशीच जाहीर केलेलं होतं.

जूनमध्ये पट्टा सलग न वाढवता दोन तुकड्यांत का विभागला, हे समजून घेण्यासारखं आहे. मोठ्या कंपन्यांत रोज रात्री यंत्रं आपोआप सगळी पॅकेजेस नव्याने आणून चाचण्या घेतात. युरोपातल्या एखाद्या कार्यालयात हे काम रात्री बरोबर बाराला लावलेलं असेल, तर त्यांना पहिल्याच दिवसापासून रोज एरर दिसली असणार. पण शेजारच्या कार्यालयात तेच काम साडेबाराला लावलेलं असेल, तर पहिले सहा महिने त्यांना काहीच कळलं नसतं. तासाच्या मध्यावर दुसरा पट्टा टाकला की अशांपर्यंतही निरोप पोचतो.

आता वापरणाऱ्याच्या बाजूने पाहू. समजा, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रोजेक्ट आहे. लागणाऱ्या पॅकेजेसची यादी `requirements.txt` या फाईलमध्ये आहे आणि त्यात एक ओळ `sklearn` अशी आहे. तिच्या लॅपटॉपवर सगळं चालतं, कारण तिथे हे पॅकेज आधीच बसलेलं आहे आणि बसलेलं असलं की `pip` ते पुन्हा आणत नाही. परीक्षेच्या दिवशी लॅबमधल्या कोऱ्या संगणकावर तीच यादी चालवली की पडदा लाल होतो. घाबरलेला माणूस शेवटच्या काही ओळी वाचतो आणि तिथे `metadata-generation-failed` असं लिहिलेलं असतं. त्यावरून काहीच बोध होत नाही. मग पायथन काढून पुन्हा टाकलं जातं, `pip` अद्ययावत केलं जातं, तासभर जातो. उत्तर त्याच मजकुरात, काही ओळी वर, सरळ इंग्रजीत लिहिलेलं असतं: `sklearn` हे पॅकेज बंद होत आहे, `pip` च्या कमांडमध्ये `scikit-learn` वापरा. खाली दुरुस्तीचे मार्गही दिलेले असतात. अशी एरर आली की शेवटून नव्हे, वरून वाचायला सुरुवात करावी.

दुरुस्ती एवढीच आहे. यादीतली `sklearn` ही ओळ खोडायची आणि तिथे हे लिहायचं:

```
scikit-learn
```

प्रोग्राममधली ओळ मात्र जशीच्या तशी ठेवायची:

```
import sklearn
```

नेमकं इथेच पुष्कळांचं चुकतं. नाव बदललं म्हटल्यावर ते उत्साहाने प्रोग्राममध्येही `import scikit-learn` करून टाकतात. पायथनमध्ये मधली आडवी रेघ म्हणजे वजाबाकीचं चिन्ह, त्यामुळे लगेच `SyntaxError` येते आणि आधी चांगला असलेला कोडही बिघडतो. जुनं नाव फक्त आणण्यापुरतं बंद झालं आहे, वापरण्यापुरतं नाही.

याहून अवघड प्रसंग म्हणजे आपल्या यादीत `sklearn` नसूनही एरर येणं. तेव्हा दोष आपण वापरत असलेल्या दुसऱ्या एखाद्या पॅकेजचा असतो, त्याच्या यादीत जुनं नाव राहिलेलं असतं. ते कोणतं हे शोधता येतं. जिथे `sklearn` आधीच बसलेलं आहे अशा संगणकावर ही कमांड द्यायची:

```
pip show sklearn
```

उत्तरात `Required-by` या शब्दापुढे त्या पॅकेजचं नाव येतं. मग त्याच्या कर्त्यांना कळवायचं. सायकिट-लर्नच्या मार्गदर्शनातही हीच विनंती केलेली आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. तुमच्या एका निरोपाने ते पॅकेज दुरुस्त झालं, तर ते वापरणाऱ्या बाकी सगळ्यांची अडचण आपोआप सुटते.

पण कर्त्यानेच ते पॅकेज वाऱ्यावर सोडलेलं असेल तर? त्यासाठी शेवटचा उपाय म्हणून एक पळवाट ठेवलेली आहे:

```
export SKLEARN_ALLOW_DEPRECATED_SKLEARN_PACKAGE_INSTALL=True
```

ही ओळ लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये आधी दिली की एरर येत नाही. नाव इतकं लांबलचक आहे की ते टाईप करणाऱ्याला आपण काय करतोय हे पुरतं कळावं. ही ओळ एकदा स्क्रिप्टमध्ये टाकून विसरून जाणं हे दुखणं दडवण्यासारखं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

या सगळ्या योजनेलाही मर्यादा होतीच. ज्यांनी यादीत `sklearn==0.0` अशी नेमकी आवृत्ती लिहून ठेवली होती, त्यांच्यापर्यंत निरोप पोचला नाही. एरर देणारा कोड `0.0.post1` आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत होता, आणि नेमकी आवृत्ती मागितल्यावर `pip` दुसरी देत नाही. ज्यांचं काम वर्षातून एकदाच चालतं, त्यांनाही पाच मिनिटांचा पट्टा गाठण्याचा फारसा संभव नव्हता. त्यांना कळलं ते डिसेंबर २०२३ नंतर, थेट बंद दारासमोर उभं राहून. तरीही एक वर्षाची मुदत, पहिल्याच दिवशी जाहीर केलेली शेवटची तारीख आणि एररच्या मजकुरातच दिलेली दुरुस्ती, या तिन्ही गोष्टी एकत्र क्वचितच मिळतात. हे काम करणाऱ्यांना वापरणाऱ्यांकडून एक पैसाही मिळत नाही. त्यांनी घेतलेली ही काळजी मला कौतुकास्पद वाटते.

`sklearn` हे नाव आजही भांडारात आहे, मागितलं की ते फक्त एरर देतं. पण जुन्या जर्नलमध्ये आणि क्लासच्या नोट्समध्ये ती जुनी कमांड अजून छापलेली सापडते. तुम्ही शिकवत असाल, तर आपल्या नोट्स एकदा उघडून पाहा आणि ती ओळ बदला.