मिनिटाचा भाव आणि संहितेचं कुलूप

पांढऱ्या फळ्यावर हात झरझर चित्रं काढतो आणि मागून आवाज विषय समजावून सांगतो, असे व्हिडिओ आता सोलर पॅनेल बसवणाऱ्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांनाच हवे असतात. ते बनवणारे बहुतेकजण घरून, एकट्याने काम करतात आणि भाव सांगतात तो तयार मिनिटाचा. चार दिवस लागोत की दहा, पैसे मिळणार ते पडद्यावर चालणाऱ्या वेळेचे.

समजा, भाव मिनिटाला ६,००० रुपये ठरला आहे आणि नाशिकच्या एका सोलर विक्रेत्याला दोन मिनिटांचा व्हिडिओ हवा आहे. त्याने पाठवलेला मजकूर माहितीपत्रकातून उचललेला, ४२० शब्दांचा. मराठी निवेदन सावकाश वाचलं, तर मिनिटाला साधारण १२० शब्द बसतात. म्हणजे हा ऐवज साडेतीन मिनिटांचा झाला आणि १२,००० चं काम २१,००० वर गेलं! जाणता अ‍ॅनिमेटर इथे वाद घालत नाही. मोबाइलवर मजकूर मोठ्याने वाचून पाठवतो. स्वतःच्या कंपनीचा इतिहास ऐकताना मालकालाच कंटाळा येतो आणि कात्री चालवायची परवानगी मिळते.

उरलेल्या २४० शब्दांचा दोन रकान्यांचा तक्ता होतो. डावीकडे वाक्य, उजवीकडे त्या वाक्याला दिसणारं चित्र. त्यावर मालकाचा लेखी होकार आला की संहितेला कुलूप. निवेदन त्यानंतरच रेकॉर्ड होतं, कारण प्रत्येक चित्राची वेळ आवाजावर बेतलेली असते. मधलं एक वाक्य वाढलं, की पुढचं सगळं सरकतं. म्हणून दोन फेऱ्यांपर्यंतचे चित्रांतले बदल भावात धरतात. कुलूप लागल्यावर शब्द बदलले, तर वेगळे पैसे.

चित्रांसाठी व्हिडिओस्क्राइब किंवा डूडली, आणि हात नको असेल तर व्यॉन्ड किंवा आफ्टर इफेक्ट्स. व्हिडिओस्क्राइबमधला हात `SVG` फाइलमधल्या रेषा त्यांच्या क्रमाने गिरवतो. नेटवरून उतरवलेल्या चित्रात नुसते रंगाचे तुकडे असतील, तर गिरवायला रेषच नसते आणि पडद्यावर खरडल्यासारखं दिसतं. मग इंकस्केपमध्ये चित्रावरून हाताने रेषा ओढाव्या लागतात, तीही आधी घर, मग छप्पर, मग पॅनेल अशा क्रमाने. फुकट मिळालेलं चित्र असं महागात पडतं.

या व्हिडिओत एक नाजूक जागा आहे, अनुदानाची. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान जाहीर झालं. असा आकडा कधीही बदलू शकतो. तो निवेदनाच्या मधोमध गुंफला, तर पुढे सगळंच उसवावं लागतं. त्यामुळे ते वाक्य वेगळं रेकॉर्ड करून, आगेमागे क्षणभर शांतता ठेवून, त्याचं दृश्य सुटं ठेवतात. आकडा बदलला, की मालक तेवढ्या दहा सेकंदांचे पैसे देतो.