शाबासकी भटारखान्यापर्यंत पोचावी म्हणून

जेवण मनासारखं झालं की आपण वेटरला टीप देतो आणि गल्ल्यावर पैसे चुकते करताना मालकांना सांगतो, "जेवण मस्त होतं." मालक हसून मान डोलवतात आणि गोष्ट तिथेच संपते. आत चुलीपाशी घामाघूम झालेल्या माणसाला यातलं बहुतेक वेळा काहीच कळत नाही. 'सगळंच छान' या शब्दांतून कोणाचं कोणतं काम आवडलं, हे मालकांनाही समजत नाही. म्हणून मालकांच्या नावे जाहीर पत्र लिहायचं, तर त्यात माणूस ओळखता यावा आणि त्याचं काम डोळ्यांपुढे उभं राहावं.

माणूस ओळखायला बिल उपयोगी पडतं. तारीख, वेळ आणि टेबल क्रमांक कळला की त्या पाळीला कोण होतं, हे मालकांना शोधता येतं. आचाऱ्याचं तसं नसतं. मासे तळणारा एक आणि कालवण करणारा दुसरा असू शकतो. म्हणून निघण्यापूर्वी वेटरलाच विचारावं, "हे कोणी केलं?" मालवणातल्या एका खाणावळीच्या मालकांना आम्ही लिहिलेलं पत्र असं होतं:

"सप्रेम नमस्कार. रविवारी दुपारी एकच्या सुमारास आम्ही सहकुटुंब तुमच्याकडे, टेबल क्रमांक ४ वर जेवलो. बरोबर आई होती, तिला दात थोडेच उरलेत, आणि लहान नात होती.

तिसऱ्यांचं सुकं करणाऱ्या तुमच्या आचारी काकूंना आमचा नमस्कार सांगा. एकाही घासाला दाताखाली वाळू आली नाही. सोलकढी ताजी होती, नारळाचा दाट रस आणि आगळ एकजीव झालेलं होतं. बांगड्याच्या कालवणात तिरफळं बेताची होती. वास दरवळत होता, पण माशाची चव दबली नव्हती.

आम्हाला वाढणाऱ्या तरुणाने नातीकडे पाहून आपणहून सुचवलं, 'बाळाला सुरमई द्या, बांगड्याला काटे फार.' तिरफळं चावायची नाहीत, बाजूला काढायची, हेही त्याने तिला समजावलं. आईसाठी वडे एकदम न आणता दोन-दोन करून आणले. ते गरम आणि मऊ असल्यामुळे तिला कोंबडीच्या रश्शाबरोबर पोटभर जेवता आलं. आमच्या घरच्या सगळ्यांच्या वतीने दोघांचे आभार. कळावे, लोभ असावा."

या पत्रात 'चविष्ट' हा शब्द कुठेच नाही. त्याऐवजी कामाच्या खुणा आहेत. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू सोडू द्यावी लागते आणि नंतर पुन्हा पुन्हा धुवाव्या लागतात. ही मेहनत ताटात दिसत नाही. ती टाळली असेल, तर मात्र पहिल्याच घासाला कचकच लागते. सोलकढी फार वेळ ठेवली की दाट भाग वर आणि पाणी खाली होतं. अशा खुणा वाचल्या की कौतुक अंदाजाने केलेलं नाही, हे काकूंनाही पटतं.

सर्वांत मोलाचा तपशील वड्यांचा आहे. कोंबडी-वड्यांतले वडे निवले की वातड होतात. पण ते दोन-दोन करून आणायचे, तर वेटरने पुन्हा पुन्हा आत जावं लागतं आणि काकूंनी आपल्यासाठी कढईत घाणा राखून ठेवावा लागतो. रविवारच्या गर्दीत हे एकट्याने जमत नाही. म्हणजे एका वड्यातून मालकांना दोघांचा मेळ कळतो, आणि पुढे कामाच्या पाळ्या लावताना ही जोडी एकत्र ठेवावी, हेही सुचू शकतं.

काही गोष्टी मात्र पत्रात नकोत. वेटरने जादा वाटी फुकट दिली असेल तर त्याचं आभारप्रदर्शन लेखी करू नये. आपण कौतुक म्हणून लिहिलेलं त्याला मालकांसमोर अडचणीत आणेल. 'बाकीच्यांपेक्षा हाच बरा' अशी तुलनाही टाळावी, कारण उद्या त्याला त्याच सहकाऱ्यांबरोबर राबायचं असतं. नाव किंवा फोटो चारचौघांत जाण्याआधी त्या माणसाची परवानगी घ्यावी. ती नसेल तर नाव मालकांना वेगळं कळवावं आणि जाहीर पत्रात नुसतं काम लिहावं.

पत्र शक्यतो त्याच आठवड्यात द्यावं. महिन्याभराने 'तो रविवार' कोणालाच आठवत नाही. शेवटी मालकांना एक विनंती जरूर करावी: हे पत्र भटारखान्यात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. आचारी काकूंना चुलीपासून दूर होऊन भिंतीवरचा कागद वाचायला सवड मिळेलच असं नाही.