दहाला पास, पाचाला नापास

४२, १७, ६८, ३५, ९१. हे पाच आकडे चढत्या क्रमाने लावायला सी भाषेतल्या एका छोट्या प्रोग्रॅमला दिले, तर उत्तर आलं ९१, ६८, ४२, ३५, १७. बरोब्बर उलटं. बघणारा कोणीही हेच म्हणेल की 'पेक्षा मोठा'चं चिन्ह उलटं पडलंय. चिन्ह बदललं, पुन्हा चालवलं. आता आलं ३५, ४२, ६८, ९१, १७. चार आकडे शहाण्यासारखे रांगेत, आणि सगळ्यांत लहान आकडा शेपटीला. म्हणजे बिचाऱ्या चिन्हाचा काही दोष नव्हता. दोष होता मोजणीचा: पुस्तकातली मोजणी एकापासून सुरू होत होती, सीमधली शून्यापासून.

हा प्रोग्रॅम म्हणजे हीप सॉर्ट. ही पद्धत जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी १९६४ साली 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात मांडली, आणि त्याच वर्षी त्याच पानांवर रॉबर्ट फ्लॉइड यांनी ती आणखी सुटसुटीत केली. तिच्यातली गंमत अशी की आकडे एका सरळ रांगेत ठेवलेले असतात, पण प्रोग्रॅम त्यांच्याकडे वंशावळीसारखं पाहतो. प्रत्येक कप्प्याला जास्तीत जास्त दोन मुलं. नियम एकच: बाप मुलांपेक्षा लहान असता कामा नये. हा नियम सगळीकडे पाळला गेला की सर्वांत मोठा आकडा आपोआप मुळाशी, म्हणजे पहिल्या कप्प्यात येतो. मग त्याची शेवटच्या कप्प्याशी अदलाबदल करायची, तो शेवटचा कप्पा सीलबंद समजायचा, आणि उरलेल्यांत नियम पुन्हा बसवायचा. असं करत करत रांग मागून पुढे लागत जाते. नियम बसवण्याचं काम करणाऱ्या फंक्शनला `heapify` म्हणतात.

कोण कोणाचं मूल, हे कुठेही लिहून ठेवलेलं नसतं. ते कप्प्याच्या नंबरावरून गणिताने काढायचं. कप्पे १ पासून मोजले तर हिशेब फार देखणा आहे: `i` या कप्प्याची मुलं `2*i` आणि `2*i+1`. एकची मुलं दोन आणि तीन, दोनची चार आणि पाच. कॉरमेन आणि मंडळींचं जाडजूड पाठ्यपुस्तक हाच हिशेब देतं, आणि इंजिनिअरिंगच्या डेटा स्ट्रक्चर्सच्या वहीत बहुतेकदा तोच उतरतो. पण सी, जावा, पायथन या भाषांत पहिला कप्पा शून्य नंबरचा. वहीतलं `heapify` जसंच्या तसं टाइप केलं, की असं होतं:

```c
void heapify(int a[], int n, int i) {
    int big = i, l = 2*i, r = 2*i + 1;
    if (l <= n && a[l] > a[big]) big = l;
    if (r <= n && a[r] > a[big]) big = r;
    if (big != i) {
        swap(&a[i], &a[big]);
        heapify(a, n, big);
    }
}
```

आणि ते ज्या मुख्य भागातून बोलावलं जातं, तो मात्र शून्याच्या रिवाजाने लिहिलेला:

```c
for (i = n/2 - 1; i >= 0; i--) heapify(a, n, i);
for (i = n - 1; i > 0; i--) {
    swap(&a[0], &a[i]);
    heapify(a, i, 0);
}
```

दोन्ही तुकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून तर डोळ्यांना काही खटकत नाही. दोघांची मोजणी वेगळी आहे, एवढंच. खरी मेख `n` या अक्षरात आहे. एकापासून मोजताना `n` हा आकड्यांची संख्याही असतो आणि शेवटच्या कप्प्याचा नंबरही. शून्यापासून मोजलं की हे दोन अर्थ फुटतात. संख्या पाच, पण शेवटचा कप्पा चौथा. `<= n` लिहिणाऱ्याच्या मनात शेवटचा कप्पा असतो, आणि मुख्य भाग मात्र संख्या पाठवतो.

आता आपले पाच आकडे घेऊन चालू. पहिला लूप कप्पा १ पासून सुरू होतो. तिथे १७ आहे, कप्पा २ मध्ये ६८, म्हणून अदलाबदल. १७ कप्पा २ मध्ये उतरतो आणि त्याची मुलं शोधली जातात: ४ आणि ५. पाचवा कप्पा अस्तित्वातच नाही, पण `5 <= 5` खरं असल्यामुळे प्रोग्रॅम `a[5]` वाचायला जातो. पायथन इथेच 'list index out of range' म्हणून थांबतो, जावाही एक्सेप्शन फेकतो. सी मात्र सहसा काही बोलत नाही. शेजारच्या मेमरीत जे काही पडलं असेल ते वाचतो आणि पुढे जातो. तिथे योगायोगाने ० असेल तर काही बिघडत नाही, आणि सुरुवातीला दिलेली उत्तरं तशीच आली आहेत. पण तिथे ५०० पडलेले असले, तर ५०० आत येतात आणि आपले १७ बाहेर फेकले जातात. हे पकडायची एक साधी खूण आहे. आधी आणि नंतर आकड्यांची बेरीज करून पाहायची. आपली बेरीज २५३. ती ७३६ झाली तर क्रमाची चौकशी नंतर करा, आधी सीमेवरून कोण आत आलं ते बघा. कंपाइल करताना `-fsanitize=address` दिलं तर सीसुद्धा अशा वेळी त्या ओळीवर बोट ठेवतो.

शेजारी ० आहे असं धरून पुढे जाऊ. पहिला लूप संपतो तेव्हा रांग ६८, ९१, ४२, ३५, १७ अशी असते. मुळाशी ९१ हवे होते, बसलेत ६८. दुसरा लूप तरीही भाबडेपणाने ६८ला सर्वांत मोठा समजून शेवटच्या कप्प्यात टाकतो आणि वर आलेल्या १७ला खाली सोडतो. उरलेले चार, म्हणून `n` आता ४. १७ घसरत कप्पा २ वर येतो, त्याचं डावं मूल कप्पा ४. `4 <= 4` खरं! नुकताच सीलबंद केलेला ६८ पुन्हा आत ओढला जातो आणि त्याच्या जागी १७ जाऊन बसतो.

शेवटच्या फेरीत तर कहरच. तिथे एकच आकडा उरलेला असतो, `n` असतो १, पण `1 <= 1` मुळे कप्पा १ शीही तुलना होते आणि दोघांतला मोठा पुढे येतो. म्हणून वेगवेगळे आकडे दिले तर हा प्रोग्रॅम चढता क्रम कधीच देऊ शकत नाही. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठाच निघणार. यादी पूर्ण उलटी दिसली हा आपल्या पाच आकड्यांचा योगायोग, पण हे शेवटचं उलटं पाऊल दर वेळी पडतं.

इथवर चूक ढळढळीत आहे, आणि ढळढळीत चूक बरी. खरा घोळ अर्ध्या दुरुस्तीनंतर सुरू होतो. समजा कोणीतरी सीमा नीट केली, `<= n` चं `< n` केलं, पण मुलांचा हिशेब `2*i` आणि `2*i+1` असाच ठेवला. आता दहा आकडे टाका, बरोबर लागतात. शंभर टाका, हजार टाका, तेही लागतात. आपले पाच टाकले की येतं १७, ३५, ४२, ९१, ६८.

हे काय चाललंय ते समजायला ती चुकीची वंशावळ कागदावर काढून पाहावी. शून्याची मुलं: ० आणि १. म्हणजे शून्य स्वतःचंच मूल! पण `a[0] > a[0]` कधीच खरं होत नाही, त्यामुळे ही विचित्र सोयरीक निरुपद्रवी ठरते. एकची मुलं २ आणि ३, दोनची ४ आणि ५, तीनची ६ आणि ७. म्हणजे कप्पा १ पासून पुढे सगळी पुस्तकातलीच वंशावळ, आणि तिच्या डोक्यावर एकुलत्या एका मुलासह बसलेला शून्य. ही वंशावळ वेगळी आहे, पण मोडकी नाही. कोणताही कप्पा सुटत नाही, कोणाला दोन बाप नाहीत. तिच्यावर हीप सॉर्ट व्यवस्थित चालू शकतो.

मग पाचाला का फसतो? पहिला लूप कुठून सुरू होतो ते पाहा. `n/2 - 1` हे सूत्र शून्याच्या खऱ्या वंशावळीतल्या शेवटच्या बापाचा नंबर देतं. आकडे सम असतील तर या वाकड्या वंशावळीतला शेवटचा बापही तोच निघतो. दहा आकड्यांत शेवटच्या कप्प्याचा, म्हणजे ९चा, बाप ४, आणि `10/2 - 1` सुद्धा ४. विषम असतील तर एकाने चुकतं. पाचात शेवटचा बाप २ आहे, पण लूप १ पासून सुरू होतो. कप्पा २ कडे वेळेवर कोणी पाहतच नाही, आणि त्याच्याखाली दडलेला मोठा आकडा मुळापर्यंत पोचायचा राहू शकतो.

हे सर्वांत छोट्या रूपात पाहायचं तर १, २, ३ द्या. आधीच लागलेली यादी, आणि उत्तर येतं १, ३, २! तीन आकड्यांच्या सहा मांडण्यांपैकी दोनच फसतात, ज्यांत सर्वांत मोठा आकडा शेवटी आहे त्या. बाकी चार छान लागतात. चाचणीला दहा आकडे घ्यायची आपल्याकडे मोठी सवय आहे, आणि दहा सम आहे, म्हणून या बगला आयुष्य मिळतं. लहान चाचणीच इथे जास्त कडक. शून्यापासून आठपर्यंत प्रत्येक लांबीच्या सगळ्या मांडण्या चालवून पाहाव्यात. आठाच्या ४०,३२० होतात, आणि संगणकाला ते काहीच नाही.

नीट दुरुस्ती पाठ करण्यापेक्षा काढून पाहिलेली बरी. शून्याच्या मोजणीतला `i` म्हणजे पुस्तकातला `i+1`. त्याची पुस्तकातली मुलं `2*(i+1)` आणि `2*(i+1)+1`. परत आपल्या मोजणीत यायला दोन्हींतून एक वजा करायचा.

```c
int l = 2*i + 1, r = 2*i + 2;
if (l < n && a[l] > a[big]) big = l;
if (r < n && a[r] > a[big]) big = r;
```

बदल दोन्ही ठिकाणी, एकाच वेळी. पहिल्या लूपनंतर एक तपासणी घातली तर चूक क्रम लागायच्या आधीच सापडते: १ पासून पुढच्या प्रत्येक `k` साठी `a[(k-1)/2]` हा `a[k]` पेक्षा लहान नसावा.

काही जण पुस्तकातला हिशेब जपून भाषेलाच वळण लावतात. रॉबर्ट सेजविक यांच्या जावातल्या हीप सॉर्टमध्ये मुलं `2*k` आणि `2*k+1` हीच आहेत. फक्त तुलना आणि अदलाबदल करणाऱ्या दोन छोट्या फंक्शनांत नंबरातून एक वजा होतो. मला ही पद्धत जास्त पटते, कारण मोजणीचा सांधा सगळ्या कोडभर पसरत नाही, दोन ठिकाणीच राहतो.

आणि ती अर्धी दुरुस्ती? पहिला लूप `n/2 - 1` ऐवजी `n/2` पासून सुरू केला, की `2*i` आणि `2*i+1` हा चुकीचा हिशेब तसाच ठेवूनही सम काय नि विषम काय, प्रत्येक यादी अचूक लागते. परीक्षक `heapify` ची ओळ पाहून गुण कापेल, आणि आउटपुटमध्ये त्याला एकही चूक दाखवता येणार नाही.