पॉइंट योजनेची जाहिरात : रीलखालच्या चार ओळी

हॅरोमधल्या एका मराठी किराणा दुकानाचे हिशेब मी गेली काही वर्षे पाहतो. टेस्कोचे क्लबकार्ड १९९५ पासून चालू आहे, मग आपल्या दुकानाचे पॉइंट का नसावेत, असे दुकानाच्या वहिनींच्या मनात आले. मुलाने फोनवर डाळींच्या आणि मसाल्यांच्या रांगांची छोटीशी रील काढली. इन्स्टाग्रामवर तिच्याखाली टाकायचा मजकूर, म्हणजे कॅप्शन, ‘जरा नजर टाका’ म्हणून माझ्याकडे आला :

‘खुशखबर! लाडक्या ग्राहकांसाठी या रविवारपासून धमाकेदार योजना! खरेदी करा, पॉइंट मिळवा. १०० पॉइंटांना ५ पाउंड! अटी लागू.’

हिशेबनीस माणूस शब्दांआधी आकडा पाहतो. पाउंडाला एक पॉइंट आणि शंभर पॉइंटांना पाच पाउंड, म्हणजे शेकडा पाच परत. तांदळाची दहा किलोची पिशवी त्यांना सोळा पाउंडांना पडते आणि अठराला विकली जाते. सुटतात दोन पाउंड, त्यातूनच भाडे, वीज, पगार भागवायचे. अठरावर शेकडा पाच म्हणजे नव्वद पेन्स. जवळजवळ निम्मी मिळकत पॉइंटांतच गेली! टेस्को नेहमीच्या खरेदीवर पाउंडाला एक पॉइंट देते आणि १५० पॉइंटांना दीड पाउंडाचे व्हाउचर, म्हणजे शेकडा एक. “वहिनी, टेस्कोच्या पाचपट उदार व्हायचे आहे का?” असे विचारल्यावर आकडा बदलला : २०० पॉइंटांना २ पाउंड.

दिलेला आणि अजून न वापरलेला पॉइंट हे दुकानाचे देणे असते, हेही त्यांना सांगितले. वीस हजार पॉइंट साठले तर दोनशे पाउंड कधीही मागायला येऊ शकतात. ही बेरीज दर महिनाअखेर वहीत लिहावी. ती नुसती वाढतच राहिली आणि कोणी पॉइंट वापरायलाच आले नाही, तर योजना लोकांना समजलेली नाही असे खुशाल समजावे. दोष बहुधा जाहिरातीत असतो.

आता शब्दांकडे. फोनवर कॅप्शनची पहिली एक-दोन ओळच दिसते, पुढचे वाचायला ‘more’ दाबावे लागते. ‘खुशखबर’ आणि ‘लाडके ग्राहक’ यांनी ती मोक्याची जागा खाल्ली होती. तिथे आकडा हवा. दुसरे, रील आठवडेच्या आठवडे लोकांपुढे येत राहते. ती महिन्याने पाहणाऱ्याने ‘या रविवारपासून’चा काय अर्थ लावावा? तारीख वर्षासकट लिहावी. तिसरे, ‘अटी लागू’ एवढ्याने भागत नाही. इथल्या जाहिरातींच्या नियमांप्रमाणे महत्त्वाच्या अटी, म्हणजे कशावर पॉइंट नाहीत आणि ते कधी संपतात, हे जाहिरातीतच सांगावे लागते, आणि दुकानाची स्वतःची रीलही त्यातच येते. कॅप्शनमध्ये टाकलेल्या वेबपत्त्यावर बोट दाबून काही उघडत नाही, त्यामुळे ‘अटी वेबसाइटवर’ लिहून सुटकाही नाही.

मुलाने ‘१०० = £5’ हे चित्रावरच मोठ्या अक्षरांत उमटवले होते. ते काढायला लावले. कॅप्शन नंतर दुरुस्त करता येते, पण टाकलेल्या रीलमधले चित्र बदलता येत नाही. पुढे दर बदलला तर जुना आकडा तसाच फिरत राहील.

शेवटी हे ठरले :

‘दर १ पाउंड खरेदीला १ पॉइंट. २०० पॉइंट झाले की बिलात २ पाउंड कमी.
रविवार, १ मार्च २०२६ पासून. गल्ल्यावर फोन नंबर सांगा, कार्ड नको.
सिगारेट, दारू, लॉटरी यांवर पॉइंट नाहीत.
शेवटच्या खरेदीनंतर १२ महिन्यांनी पॉइंट संपतात.’

वहिनींना ते जरा कोरडे वाटले. मी म्हटले, गोडवा तुमच्या रीलमध्ये आहेच, खाली हिशेब असू द्या. फोन नंबरबद्दल एक सूचना मात्र केली. तो पॉइंटांसाठी घेतला एवढ्यावरून त्यावर जाहिरातीचे मेसेज पाठवू नयेत, त्यासाठी ग्राहकाला वेगळे विचारून होकार घेतलेला बरा.

आपण ग्राहकांनीही अशी कॅप्शन वाचताना हाच भागाकार करावा. आठवड्याला चाळीस पाउंडांचा किराणा घेणाऱ्या घराला २०० पॉइंटांसाठी पाच आठवडे लागतात, आणि वर्षाकाठी साधारण वीस पाउंड सुटतात. बरे आहे. पण त्याच घरात दर आठवड्याला लागणारी तूरडाळीची पिशवी शेजारच्या दुकानात पन्नास पेन्सनी स्वस्त असेल, तर नुसत्या डाळीवरच वर्षाला सव्वीस पाउंड जास्त गेले. ‘आपल्या माणसाचे दुकान’ म्हणून जायचे असेल तर अवश्य जावे, मीही जातो. फक्त ते पॉइंटांच्या खात्यावर मांडू नये.