विभवाचा उतार

मृगाच्या आधी येणाऱ्या वळवाच्या पावसात वीज पडून झाडाखालची जनावरे दगावल्याची बातमी दर वर्षी कोठून ना कोठून येतेच. तलाठी पंचनामा करतात, मृत्यूचे कारण म्हणून विजेची नोंद होते आणि प्रकरण दप्तरी दाखल होते. परंतु वीज कोसळली ती झाडावर, आणि मेली ती झाडापासून दहा-बारा पावलांवर उभी असलेली गाय, तीही अंगावर भाजल्याची ठळक खूण नसताना. शिवाय तिच्याजवळच पाय जुळवून उकिडवा बसलेला गुराखी जिवंत राहिला, असे जेव्हा घडते, तेव्हा त्या नोंदीने काहीच खुलासा होत नाही. हा भेद दैवाच्या खाती टाकण्याचे कारण नाही. विद्युत्-विभव आणि त्याचा उतार यांचा हिशेब मांडला की तो आपोआप उलगडतो.

विभवाची कल्पना मुळात गुरुत्वाकर्षणाच्या गणितातली. लाग्रांज आणि लाप्लास यांनी ग्रहगोलांसाठी घडविलेले हे साधन प्वासाँने विद्युत्-शास्त्रात आणले, आणि नॉटिंगहॅमजवळ पिठाची गिरणी सांभाळणाऱ्या जॉर्ज ग्रीन नामक स्वयंशिक्षित गणितज्ञाने 1828 साली वर्गणीदारांच्या आश्रयाने छापलेल्या निबंधात त्याला विद्युत्-सिद्धांताच्या केंद्रस्थानी बसविले. तो निबंध पुढे बरीच वर्षे जवळजवळ दुर्लक्षितच राहिला. 1845 साली विल्यम टॉमसनच्या, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झालेल्या शास्त्रज्ञाच्या, हाती त्याची प्रत पडली तेव्हा कोठे विद्वानांना त्याची किंमत कळली.

अतिदूर अंतरावरून एकक धनप्रभार एखाद्या बिंदूपर्यंत सावकाश आणण्यास जितके कार्य करावे लागते, तितका त्या बिंदूचा विभव. हा निव्वळ आकडा आहे, त्याला दिशा नाही. आणि ग्रीनच्या साधनाची सोय नेमकी यातच आहे, कारण प्रत्येक बिंदूशी परिमाण व दिशा या दोहोंचा हिशेब ठेवावा लागणारे विद्युत्-क्षेत्र या एका आकड्याच्या चढउतारातून पुरतेपणी काढता येते. ज्या ज्या बिंदूंचा विभव सारखा, ते सर्व जोडले असता समविभव पृष्ठभाग तयार होतो. त्या पृष्ठभागावरून प्रभार कसाही फिरविला तरी कार्य शून्य. म्हणून क्षेत्राचा लवमात्र अंशही त्या पृष्ठभागाच्या अंगाने असू शकत नाही, क्षेत्र त्यास सर्वत्र लंबच असले पाहिजे. मोजणी खात्याच्या नकाशावर समोच्च रेषा जेथे दाटीने येतात तेथे कडा तुटलेला असतो आणि विरळ असतात तेथे पठार पसरलेले असते. त्याचप्रमाणे समविभव पृष्ठभाग जेथे दाट, तेथे क्षेत्र तीव्र. सूत्ररूपाने हीच गोष्ट अशी लिहितात:

E = −dV/dr

येथे r हे समविभव पृष्ठभागास लंब दिशेने मोजलेले अंतर होय. ऋणचिन्ह हा केवळ लेखनाचा दस्तूर नव्हे: विभव ज्या दिशेने वाढतो त्याच्या उलट, म्हणजे उताराच्या दिशेने, क्षेत्र धनप्रभाराला ढकलते, एवढे ते सांगते.

आता झाडाकडे वळू. बुंध्यातून जमिनीत शिरलेला प्रवाह I सर्व दिशांनी सारखा पसरतो आणि जमिनीची रोधकता ρ सर्वत्र एकच आहे असे धरले, तर समविभव पृष्ठभाग हे बुंध्याभोवती एकात एक बसविलेले अर्धगोल होतात, आणि जमिनीच्या पाठीवर त्यांच्या कडा समकेंद्र वर्तुळांच्या रूपाने उमटतात. r अंतरावरचा विभव V = ρI/(2πr), आणि त्याचा ऋण उतार घेतला की E = ρI/(2πr²). विजेच्या पहिल्या झोताचा प्रवाह 30,000 अँपिअर आणि रोधकता 100 ओहम-मीटर, हे दोन्ही आकडे वाजवी आहेत. मग बुंध्यापासून 10 मीटरवर विभव सुमारे 47,700 व्होल्ट येतो आणि 11.5 मीटरवर सुमारे 41,500. गाय बुंध्याकडे तोंड करून उभी असेल आणि तिच्या पुढच्या-मागच्या खुरांत दीड मीटरचे अंतर असेल, तर तिच्या देहाच्या दोन टोकांना क्षणभर 6,200 व्होल्टचे विभवांतर लागते, आणि त्यातून निघणारा प्रवाह पुढच्या पायांतून मागच्या पायांकडे जाताना हृदयावरूनच जातो. हीच गाय आडवी, म्हणजे वर्तुळाच्या कडेला धरून, उभी असती तर चारही खूर जवळपास एकाच विभवावर आले असते. गुराख्याने पाय जुळविलेले. दोन पावलांत फारच थोडे विभवांतर, म्हणून तो बचावला. तो ज्या जमिनीवर टेकला होता तिचा विभव हजारो व्होल्टांचा होता, परंतु त्या उंचीने त्याचे काहीच बिघडविले नाही.

शंभर मीटरवर विभव दहापट उतरून सुमारे 4,800 व्होल्ट उरतो, पण उतार मात्र शंभरपट मंदावतो. तेथे त्याच गाईच्या वाट्याला जेमतेम 70 व्होल्ट येतात. जमिनीवर पडणाऱ्या बहुतेक विजा ऋणप्रभार खाली आणतात, तेव्हा वरील सर्व विभव वस्तुतः ऋण समजावेत आणि क्षेत्र बुंध्याच्या दिशेने रोखलेले मानावे. गाईला त्याने फरक पडत नाही.

या हिशेबाच्या हद्दीही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. बुंध्याच्या अगदी निकट सूत्र अनंताकडे धावते, पण माती तेवढे क्षेत्र सहन करीत नाही; मीटरमागे तीन-चार लाख व्होल्टांच्या आसपास तिच्यातच ठिणग्या उडू लागतात, आणि आपल्या उदाहरणात ही मर्यादा बुंध्यापासून सुमारे एका मीटरवर ओलांडली जाते. शिवाय ओल्या काळ्या मातीची रोधकता कमी आणि खालच्या अग्निजन्य खडकाची पुष्कळ अधिक, त्यामुळे दख्खनच्या जमिनीत खरे समविभव पृष्ठभाग निर्दोष अर्धगोल राहत नाहीत. प्रवाह वरच्या थरातच आडवा पसरतो आणि उतार दूरवर रेंगाळतो.

वीज-उपकेंद्र बांधणारा अभियंता हे पृष्ठभाग आहेत तसे सोसत नाही, तो ते आपल्या सोयीने वाकवितो. आवाराखाली धातूच्या पट्ट्यांची चौकटीचौकटींची जाळी पुरलेली असते. दोष-प्रवाह जमिनीत उतरला की सारे आवार जवळपास एकाच विभवावर उचलले जाते, आणि आतल्या माणसाच्या पायांत अंतर पडले तरी उतार सौम्यच राहतो. वर पसरलेली खडी शोभेची नसते. तिच्या मोठ्या रोधकतेमुळे तळपायातून शिरणारा प्रवाह आखडतो, आणि म्हणूनच तीत माती मिसळू देणे किंवा गवत माजू देणे हा निष्काळजीपणा समजावा. मात्र आवारातून नाहीसा केलेला उतार सरहद्दीवर येऊन दाटतो: जाळीच्या कोपऱ्यांत आणि कुंपणालगत समविभव पृष्ठभाग सर्वांत निकट येतात. कुंपण जाळीला जोडलेले असेल तर ते आतल्या विभवावर, आणि त्याला हात टेकून बाहेर उभा असलेला वाटसरू उतारावर. याकरिता कुंपणाबाहेर सुमारे एक मीटरवर एक पट्टी सभोवार पुरून ती जाळीस जोडतात, म्हणजे त्याचे पायही कुंपणाच्याच विभवाच्या जवळपास येतात.