परवाना एकाच नकलेचा

ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएमध्ये सुमारे 46 लाख अक्षरांच्या जोड्या असतात. नक्कल करणारी यंत्रणा सेकंदाला साधारण हजार अक्षरे उरकते आणि ती एकाच ठिकाणाहून निघून दोन्ही दिशांना धावते. म्हणजे प्रत्येक बाजूला 23 लाख अक्षरे. हिशेब सरळ आहे, पूर्ण नकलेला सुमारे 40 मिनिटे लागणार. पण भरपूर अन्न मिळाले की हाच जिवाणू दर 20 मिनिटांनी दुभंगतो.

हे कोडे 1968 मध्ये स्टीफन कूपर आणि चार्ल्स हेल्मस्टेटर यांनी सोडवले. नक्कल पूर्ण झाल्यावर पेशी दुभंगायला आणखी सुमारे 20 मिनिटे जातात. तेव्हा एखाद्या विभाजनासाठी लागणारी नक्कल त्याच्या तासभर आधी सुरू व्हायला हवी, आणि तासाभरापूर्वी ती पेशी जन्मलेलीच नसते. तिची नक्कल तिच्या आजीच्या पोटात सुरू झालेली असते. पहिली नक्कल चालू असतानाच तिच्यावर दुसरी सुरू होते. त्यामुळे वेगाने वाढणाऱ्या जिवाणूत कोणत्याही क्षणी नकलेच्या अनेक फेऱ्या एकमेकींच्या मागे धावत असतात. म्हणजे पेशीचा सगळा ताबा सुरुवातीच्या क्षणावर असतो. यंत्रणा एकदा निघाली की तिचा वेग फारसा बदलत नाही. ती केव्हा आणि किती वेळा निघते, हेच ठरवावे लागते.

सुरुवात जिथे होते तो आरंभबिंदू फक्त अडीचशे अक्षरांच्या आसपास लांबीचा असतो. ‘डीएनए-ए’ नावाच्या प्रथिनाला तिथे बसायला ठरावीक नऊ अक्षरी जागा असतात. या प्रथिनाला एटीपी हा ऊर्जावाहक रेणू चिकटलेला असला तरच ते कामाचे. अशी बरीच प्रथिने एकमेकांना धरून रांगेने बसली की डीएनएला पीळ पडतो आणि शेजारचा भाग उसवतो. तो भाग उसवायला सोपाच असतो. तिथे ए आणि टी या अक्षरांची रेलचेल असते, आणि त्यांच्या जोडीला बांधणारे बंध दोन. जी आणि सी यांच्या जोडीत ते तीन असतात. उघड्या पडलेल्या धाग्यांवर मग हेलिकेज नावाचे कड्यासारखे प्रथिन चढवले जाते. ते पुढे सरकत गोफ उलगडत जाते आणि मागून नक्कल सुरू होते.

आता खरा प्रश्न येतो. आरंभबिंदूची नक्कल झाली की काही सेकंदांतच तिथे एकाऐवजी दोन आरंभबिंदू तयार असतात, आणि डीएनए-ए आसपासच असते. ते लगेच पुन्हा का बसत नाही?

ई. कोलायने यावर काढलेला तोडगा थक्क करणारा आहे. त्याच्या डीएनएत जिथे जिथे जीएटीसी ही चार अक्षरे येतात, तिथल्या ए अक्षरावर एक छोटी रासायनिक खूण केली जाते. आरंभबिंदूत अशा 11 जागा आहेत. नक्कल झाली की जुन्या धाग्यावर खूण असते, नव्यावर अजून नसते. अशा अर्ध्या खुणेच्या जागा ‘सेक-ए’ हे प्रथिन हेरते आणि घट्ट धरून ठेवते. पेशीचक्राचा जवळजवळ एक तृतीयांश काळ आरंभबिंदू असा झाकलेला राहतो. तेवढ्या अवधीत बहुतेक डीएनए-ए प्रथिनांवरचा एटीपी मोडून एडीपी झालेला असतो आणि त्यांचा जोर ओसरलेला असतो.

हे कुलूप बिघडले की कळते कसे? वाढत्या जिवाणूंना प्रयोगशाळेत दोन औषधे देतात. रिफॅम्पिसिनमुळे नवी सुरुवात होत नाही, पण चालू फेऱ्या पूर्ण होतात. दुसऱ्या औषधाने विभाजन थांबते. मग प्रत्येक पेशीत किती पूर्ण गुणसूत्रे आहेत ते मोजायचे. धडधाकट पेशींत आकडे येतात दोन, चार, आठ, कारण सगळे आरंभबिंदू एकदमच सुरू झालेले असतात. सेक-ए नसलेल्या पेशींत तीन, पाच, सहा, सात असे विस्कळीत आकडे दिसतात. कुणी एकदा सुरू झाला, कुणी दोनदा.

माणसाच्या पेशीपुढे अडचण वेगळीच आहे. आपले पहिले गुणसूत्र सुमारे 25 कोटी अक्षरांचे आहे आणि इथली यंत्रणा मिनिटाला जेमतेम दोन हजार अक्षरे पुढे जाते. मधोमध एकच आरंभबिंदू असता तर या एका गुणसूत्राला सहा आठवडे लागले असते. प्रत्यक्षात सगळ्या डीएनएची नक्कल काही तासांत उरकते, कारण आरंभबिंदू हजारोंनी असतात. ते सगळे एकदम सुरू होत नाहीत. काही लवकर, काही उशिरा. मग यातला कोणता होऊन गेला आणि कोणता राहिला, हे पेशीला समजते कसे?

1970 मध्ये पोटू राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी माणसाच्या पेशी जोड्याजोड्यांनी एकत्र मिसळवल्या. नक्कल चालू असलेली पेशी आणि अजून सुरू न झालेली पेशी एक केली, तर दुसरीच्या केंद्रकातही नक्कल लवकर सुरू झाली. पण जिची नक्कल नुकतीच पूर्ण झाली होती, तिच्या केंद्रकावर काही परिणाम झाला नाही. सुरुवातीचा इशारा दोघींनाही मिळत होता. एकीकडे तो मानायची तयारीच उरली नव्हती.

ही तयारी म्हणजे काय, त्याचा पहिला ठोस अंदाज ज्युलियन ब्लो आणि रॉन लास्की यांनी 1988 मध्ये बांधला. बेडकाच्या अंड्यांतून काढलेल्या द्रवात केंद्रके ठेवली की त्यांची नक्कल एकदा होते आणि थांबते. केंद्रकाचे आवरण सच्छिद्र केले, तर मात्र ती पुन्हा होते. बाहेरचा कुठला तरी घटक आत शिरून डीएनएला नकलेचा परवाना देतो आणि नक्कल होताना तो परवाना खर्च होतो, अशी त्यांची मांडणी होती. पुढे तपशील बराच बदलला, पण गाभा टिकला.

आज परवाना डोळ्यांनी पाहता येतो. 1992 मध्ये स्टीफन बेल आणि ब्रूस स्टिलमन यांना यीस्टमध्ये आरंभबिंदू ओळखणारा सहा प्रथिनांचा संच सापडला, त्याला ओआरसी म्हणतात. नक्कल सुरू होण्याच्या बऱ्याच आधी हा संच आणखी दोन प्रथिनांच्या मदतीने एमसीएम नावाची दोन कडी डीएनएवर तोंडाला तोंड लावून चढवतो. हाच परवाना. मात्र कडी अजून निष्क्रिय असतात. ती जागी होतात सीडीके नावाच्या एन्झाइमांची पातळी वाढल्यावर, आणि मग एकमेकांना ओलांडून उलट दिशांना निघतात. शेजारच्या ज्या आरंभबिंदूंवर कडी चढली होती पण जागी झाली नव्हती, त्यांच्यावरून नकलेची यंत्रणा गेली की ती कडीही गळून पडतात. झालेल्या डीएनएवर परवाना उरतच नाही.

सगळी मेख अशी की जे सीडीके कड्यांना जागे करते, तेच नवी कडी चढू देत नाही. पातळी कमी असताना फक्त परवाने मिळतात, जास्त असताना फक्त नक्कल होते. माणसाच्या पेशीत यावर आणखी पहारा आहे. कडी चढवायला मदत करणारे सीडीटी-1 हे प्रथिन नक्कल सुरू होताच नष्ट केले जाते, आणि जे उरते त्याला जेमिनिन नावाचे प्रथिन जखडून ठेवते. काही कर्करोगाच्या पेशींतून जेमिनिन काढून टाकले, तर पेशी न दुभंगताच डीएनए पुन्हा पुन्हा वाढत जातो, धागे तुटतात आणि पेशी बहुधा मरते.

फळमाशी मात्र एका ठिकाणी हा नियम मुद्दाम मोडते. अंड्याभोवतीच्या पेशींना कवचाची प्रथिने थोड्या वेळात प्रचंड प्रमाणात बनवायची असतात. तिथे त्या जनुकांशेजारचा आरंभबिंदू पुन्हा पुन्हा सुरू होतो आणि तेवढ्या तुकड्याच्या प्रती कित्येक पटींनी वाढतात. मोजून पाहिले तर आरंभबिंदूपाशी त्या सर्वांत जास्त, आणि दोन्ही बाजूंना दूर जावे तशा कमी होत गेलेल्या दिसतात.

परवाने कमी पडले तरीही किंमत मोजावी लागते. मायर-गॉर्लिन नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारात मुलांची उंची फार कमी राहते, कान लहान असतात, गुडघ्याची वाटी लहान असते किंवा नसतेच. बुद्धी बहुतेकांची नेहमीसारखीच असते. 2011 मध्ये अशा काही कुटुंबांतले दोष सापडले, ते ओआरसीतल्या प्रथिनांच्या, सीडीटी-1च्या आणि कडी चढवणाऱ्या दुसऱ्या मदतनिसाच्या, सीडीसी-6च्या जनुकांत. या मुलांमध्ये ही प्रथिने पूर्ण नाहीशी झालेली नसतात, ती कमजोर असतात. पूर्ण नसती तर गर्भ वाढलाच नसता.