गेल्या वर्षीचा अव्वल फंड यंदा का निराश करतो?

२०२१ संपता संपता म्युच्युअल फंडांच्या परताव्याच्या याद्यांमध्ये माहिती-तंत्रज्ञान क्षेत्राचे फंड अगदी वरच्या जागांवर होते. निफ्टी आयटी निर्देशांक त्या वर्षात सुमारे ६० टक्के वाढला होता, तर निफ्टी ५० सुमारे २४ टक्के. आकडे पाहून अनेकांनी या फंडांत पैसे घातले. पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, निफ्टी ५० चार टक्क्यांच्या आसपास वर गेला आणि निफ्टी आयटी सुमारे २६ टक्के घसरला.

वर्षभरात फंड व्यवस्थापकांची हुशारी आटली, असे काही घडले नव्हते. क्षेत्रीय फंडाला किमान ८० टक्के रक्कम त्याच क्षेत्रात ठेवावी लागते, त्यामुळे क्षेत्र पडले की फंडही पडतो. कोरोनाकाळात घरून काम सुरू झाले, जगभरच्या कंपन्यांनी संगणकीकरणावर सढळ खर्च केला आणि आयटी कंपन्यांचे नफे वाढले. शेअरचे भाव मात्र नफ्यापेक्षा कितीतरी वेगाने चढले. पुढच्या काही वर्षांची वाढ भावात आधीच धरली गेली होती. मग अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने व्याजदर झपाट्याने वाढवले, तिथल्या ग्राहक कंपन्या खर्चाबाबत सावध झाल्या आणि फुगलेले भाव खाली आले. ज्या कारणाने फंड पहिला आला, त्याच कारणाने तो महागही झाला होता.

यातला खरा फटका आकडेमोडीतून दिसतो. २०२१ च्या सुरुवातीला एकाने अशा फंडात एक लाख रुपये घातले, असे समजू. वर्षअखेरीस त्याचे १ लाख ६० हजार झाले आणि २०२२ अखेरीस १ लाख १८ हजार उरले. दोन वर्षांत १८ टक्के, म्हणजे कामगिरी ठीकच. पण यादी पाहून २०२१ च्या शेवटी आणखी दहा जण प्रत्येकी एक लाख घेऊन आले असतील, तर त्यांच्या हाती ७४-७४ हजारच राहिले. मुद्दल परत मिळवायलाच त्यांना ३५ टक्के वाढ हवी. फंडाच्या माहितीपत्रकावर नफा दिसतो, पण अकरा जणांच्या खिशांचा हिशेब केला तर एकूण जवळपास अडीच लाखांचा तोटा निघतो.

एका वर्षाचा आकडा आणखी एका कारणाने फसवतो: तो कुठून मोजला, यावर सारे अवलंबून असते. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली बंद झाला, तर वर्षाने तो ५० हजारांच्या आसपास होता. त्या दिवशी जवळपास प्रत्येक इक्विटी फंडाचा वार्षिक परतावा डोळे दिपवणारा दिसत होता.

मग फंड निवडायचा कसा? सुरुवात यादीपासून न करता पैसे कधी लागणार यापासून करावी. पाच-सात वर्षांच्या आत लागणारी रक्कम इक्विटीत नकोच. त्याहून लांबच्या उद्दिष्टासाठी लार्ज कॅप किंवा फ्लेक्सी कॅपसारखा व्यापक प्रकार आधी ठरवावा. सेबीने २०१७ मध्ये फंडांचे प्रकार निश्चित केल्यामुळे आता एका प्रकारातल्या फंडांची आपसात तुलना करता येते.

त्यानंतर रोलिंग रिटर्न पाहावेत. जानेवारी २०१३ पासून डिसेंबर २०१९ पर्यंत दर महिन्याला पाच वर्षांसाठी पैसे गुंतवले असते, तर काय मिळाले असते, असे हे ८४ वेगवेगळे हिशेब असतात. त्यांतल्या किती वेळा फंडाने आपल्या निर्देशांकाला मागे टाकले आणि सर्वात वाईट पाच वर्षांत काय दिले, हे दोन प्रश्न विचारावेत. हे यश ज्या व्यवस्थापकाच्या काळातले आहे, तो अजून तिथे आहे का, हेही तपासावे. तो गेला असेल, तर जुना इतिहास फारसा उपयोगाचा नाही.

खर्चाकडे दुर्लक्ष नको. दहा लाख रुपये १५ वर्षे १२ टक्क्यांनी वाढले तर सुमारे ५४ लाख ७० हजार होतात, ११ टक्क्यांनी सुमारे ४७ लाख ८० हजार. एका टक्क्याच्या खर्चाची किंमत जवळपास सात लाख. एवढी छाननी करायला वेळ नसेल, तर कमी खर्चाचा निफ्टी ५० इंडेक्स फंड ही साधी आणि समजणारी निवड आहे.

निवडीनंतर वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, फंडाची तुलना त्याच्याच निर्देशांकाशी करावी. एखादे वर्ष मागे पडला म्हणून बाहेर पडू नये. इक्विटी फंड वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के कर लागतो आणि अनेक फंडांत एक टक्का एक्झिट लोडही कापला जातो. तीन वर्षे सलग मागे राहिला, व्यवस्थापक बदलला किंवा फंडाची गुंतवणुकीची पद्धतच बदलली, तर मात्र बदल जरूर करावा. यंदाच्या जानेवारीत पहिल्या नंबरची यादी हाती आली, तर त्यातला फंड घेण्याआधी त्याचे पाच वर्षांचे रोलिंग रिटर्न तेवढे उघडून पाहावेत.